सांगोला की माढा? फोटोतल्या आलेखावरून तक्ता करताना

सोलापूरचे ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ चाळताना, विद्यापीठातल्या एखाद्या चर्चासत्रात पडद्यावरची स्लाइड पाहताना किंवा कृषी प्रदर्शनातल्या फ्लेक्ससमोर उभे राहिल्यावर हल्ली प्रत्येक जण एकच गोष्ट करतो. मोबाइल काढून फोटो घेतो. घरी आल्यावर त्या फोटोत एक रंगीत वर्तुळ असते, शेजारी चौकोनी ठिपक्यांची रंगसूची असते, आणि प्रबंधासाठी किंवा बातमीसाठी हवे असतात ते आकडे कुठेच छापलेले नसतात. मग कोणी अंदाजाने, कोणी कोनमापकाने, कोणी संगणकाने ते आकडे परत मिळवायला बसतो. या साऱ्या वाटांपैकी कोणती कुठवर नेते, याचा हा आढावा.

सुरुवातीलाच सांगायला हवे, की समालोचनासारख्या पुस्तकातला आलेख त्याच पुस्तकातल्या तक्त्यावरून काढलेला असतो. त्यामुळे तिथे आलेखाचा फोटो मोजत बसण्याऐवजी पाने उलटून तक्त्याचाच फोटो घ्यावा. जनगणनेचे आलेखही तसेच, त्यांचे मूळ आकडे जिल्हा जनगणना पुस्तिकेत मिळतात. फोटोवरून मोजणी करायची ती मूळ तक्ता खरोखरच हाती लागत नसेल तेव्हा, म्हणजे फ्लेक्स, स्लाइड, जुने वर्तमानपत्री कात्रण अशा वेळी.

मोजणीची पद्धत पारखायची तर ज्याचे उत्तर आधीच माहीत आहे असा आलेख घेतलेला बरा. २०११च्या जनगणनेत सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ४३,१७,७५६ होती आणि ती अकरा तालुक्यांत विभागलेली होती. या अकरा आकड्यांचा वृत्तालेख काढला, तर ३६० अंशांत ४३ लाख माणसे बसतात, म्हणजे एका अंशात जवळपास बारा हजार. हा आकडा मनात पक्का ठेवावा. कोनमापकाची एक अंशाची चूक म्हणजे बारा हजार माणसांची चूक. सांगोला तालुक्याची लोकसंख्या ३,२२,८४५ आणि माढ्याची ३,२४,०२७. वृत्तालेखात सांगोल्याच्या वर्तुळपाकळीचा कोन २६.९२ अंश येतो आणि माढ्याचा २७.०२. एक दशांश अंशाचा हा फरक कोणत्याही फोटोतून दिसणार नाही. तेव्हा फोटोवरून केलेल्या तक्त्यात ‘माढा सांगोल्यापेक्षा मोठा’ असे वाक्य कुणी लिहिले, तर ते मोजणीतून आलेले नाही हे लगेच ओळखावे.

आता तिरक्या फोटोचे काय होते ते पाहू. आलेखातला क्रम करमाळा, माढा, बार्शी, उत्तर सोलापूर, मोहोळ, पंढरपूर, माळशिरस, सांगोला, मंगळवेढा, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट असा धरू. सुरुवात घड्याळातल्या बाराच्या जागेवरून, आणि पुढे घड्याळाच्या दिशेने. एक्सेलचा वृत्तालेख आपण काही बदलले नाही तर असाच निघतो. भिंतीवर उंच लावलेल्या फ्लेक्सचा फोटो खालून, ३० अंश तिरका घेतला, तर वर्तुळाची उंची दबते आणि रुंदीच्या ८७ टक्के उरते. रुंदी तशीच राहते. डोळ्याला ते वर्तुळच वाटते, कारण मन ते दुरुस्त करून घेते. कोनमापक मात्र दुरुस्त करत नाही. वरच्या टोकाशी असलेली करमाळ्याची पाकळी खरी २१.२ अंशांची आहे, ती फोटोत २४.१५ अंशांची मोजली जाते. डाव्या कडेची सांगोल्याची २६.९ अंशांची पाकळी २३.६५ अंशांवर येते. लोकसंख्येत उतरवले तर करमाळा २ लाख ९० हजार आणि सांगोला २ लाख ८४ हजार. प्रत्यक्षात सांगोला करमाळ्यापेक्षा ६८ हजारांनी मोठा आहे. नुसत्या तिरकेपणाने दोघांचा क्रम उलटला, आणि तरीही सगळ्या कोनांची बेरीज नेमकी ३६० भरली. म्हणूनच बेरीज जुळली यावर समाधान मानू नये. वर्तुळ पूर्ण आहे तोवर ती जुळणारच.

यावरचा पहिला उपाय म्हणजे फोटो सरळ करणे. आलेखाभोवतीची चौकट किंवा फ्लेक्सची चार टोके फोटोत आली असतील, तर ती चार टोके आयताची आहेत असे सांगून चित्र ताणता येते. मोबाइलची स्कॅनर अ‍ॅप्स हेच करतात. संगणकावर करायचे तर इमेजमॅजिकची एक ओळ पुरते. तीत प्रत्येक टोकाची फोटोतली जागा आणि ते जिथे न्यायचे ती जागा अशा जोड्या द्यायच्या असतात:

```
magick photo.jpg -distort Perspective \
 '212,180 0,0  1890,240 1600,0  1842,1510 1600,1200  190,1430 0,1200' \
 saral.jpg
```

इथे मूळ चौकटीची लांबी-रुंदी कशी होती हे माहीत असावे लागते. ती चुकली तर चित्र सरळ दिसते, पण वर्तुळ लंबगोल राहते. म्हणून सरळ केलेल्या चित्रात वर्तुळाची रुंदी आणि उंची मोजायची, आणि दोन्ही सारख्या येईपर्यंत उंची बदलायची. आणखी एक खूण आहे, ती फारसे कोणी पाहत नाही. सगळ्या पाकळ्या जिथे मिळतात तो बिंदू वर्तुळाच्या बरोबर मध्यावर यायला हवा. जवळून घेतलेल्या तिरक्या फोटोत तो दूरच्या कडेकडे सरकलेला असतो. दुरुस्तीनंतरही तो मध्यावर आला नसेल, तर तिरकेपणा अजून गेलेला नाही.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो, कारण त्यात तिरकेपणा दुरुस्त करायची गरजच बऱ्याचदा पडत नाही. कोन मोजण्याऐवजी क्षेत्रफळ मोजायचे. एकाच वर्तुळातल्या पाकळ्यांची क्षेत्रफळे कोनांच्याच प्रमाणात असतात. दुरून, झूम करून घेतलेल्या फोटोत वर्तुळ दबते तेव्हा सगळ्या पाकळ्यांची क्षेत्रफळे एकाच पटीत दबतात, त्यामुळे त्यांचे आपसातले प्रमाण बदलत नाही. वरच्या उदाहरणात कोनांनी करमाळा आणि सांगोला उलटवले होते, क्षेत्रफळांनी ते जागेवर राहतात. जाड थाळीसारखा दाखवलेला त्रिमित वृत्तालेखही असाच वाचता येतो. त्यात फक्त वरचा पृष्ठभाग मोजायचा आणि बाजूची गडद कड वगळायची. गिंपमध्ये `Select by Color` ने एक पाकळी निवडली की `Histogram` च्या खिडकीत निवडलेल्या पिक्सेलांची संख्या दिसते. अकरा पाकळ्यांच्या अकरा संख्या लिहून प्रत्येकीला बेरजेने भागले की टक्के तयार. मात्र फोटो जवळून घेतला असेल तर जवळची बाजू मोठी आणि लांबची लहान होते, आणि मग ही युक्ती चालत नाही. तिथे आधी चार टोकांची दुरुस्ती हवीच.

क्षेत्रफळाच्या मोजणीत एक खोट राहते. पाकळ्यांमध्ये पांढऱ्या रेषा असतात आणि त्या प्रत्येक पाकळीचा सारखाच भाग खातात. त्यामुळे लहान पाकळीला त्यांचा फटका जास्त बसतो. वर्तुळाची त्रिज्या ४०० पिक्सेल आणि रेषेची जाडी ३ पिक्सेल असेल, तर प्रत्येक पाकळीतून साधारण १,२०० पिक्सेल जातात. उत्तर सोलापूरच्या सव्वा लाख पिक्सेलांतून ते जाणे किरकोळ आहे. मंगळवेढ्याच्या २४ हजारांतून जाणे म्हणजे पाच टक्के. शेवटी टक्केवारी काढल्यावर मंगळवेढ्याची लोकसंख्या पाच हजारांनी कमी दिसते आणि उत्तर सोलापूरची अठरा हजारांनी जास्त. उपाय सोपा आहे. रेषेची जाडी मोजून तेवढे पिक्सेल प्रत्येक पाकळीला परत द्यायचे. वृत्तालेखातून मिळतात ते टक्केच, हेही विसरू नये. त्यांची माणसे करायला एकूण संख्या आलेखाच्या मथळ्यातून किंवा बाहेरून आणावी लागते, आणि ती कुठून आणली हे तक्त्याखाली लिहावे लागते.

स्तंभालेखाची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे पट्टी चित्रातच असते. जिल्ह्यातल्या पुरुष आणि स्त्रियांची संख्या २००१ आणि २०११ साठी शेजारी शेजारी दाखवणारा जोडस्तंभालेख घेऊ. उभा अक्ष शून्य ते २५ लाख, दर पाच लाखांवर आडवी रेषा. सरळ केलेल्या फोटोत शून्याची रेषा वरून १,४८० व्या पिक्सेलवर आणि २५ लाखांची रेषा २८० व्या पिक्सेलवर आहे असे धरू. म्हणजे १,२०० पिक्सेलांत २५ लाख, एका पिक्सेलला २,०८३ माणसे. संगणक पिक्सेल वरून खाली मोजतो, म्हणून मूल्य काढायचे सूत्र असे:

```
मूल्य = (1480 − y) × 2500000 / 1200
```

२०११ च्या पुरुषांच्या स्तंभाचे टोक ४११ वर आहे, तर मूल्य २२,२७,०८३ येते. जनगणनेचा आकडा २२,२७,८५२ आहे. स्त्रियांचा स्तंभ ४७७ वर, मूल्य २०,८९,५८३. खरा आकडा २०,८९,९०४. एका पिक्सेलच्या आत वाचले तर साधारण दोन हजारांच्या आतली चूक, म्हणजे वृत्तालेखापेक्षा कितीतरी नेमके काम. `WebPlotDigitizer` सारखे साधन हेच करते. आपण अक्षावरचे दोन बिंदू दाखवून त्यांची मूल्ये द्यायची, मग स्तंभांच्या टोकांवर टिचकी मारायची, गुणाकार-भागाकार ते करते.

पण या नेमकेपणावर पुढचे गणित रचताना सांभाळावे. या चार आकड्यांवरून कोणालाही लिंगगुणोत्तर काढावेसे वाटेल. जनगणनेप्रमाणे ते २००१ मध्ये दर हजार पुरुषांमागे ९३५ आणि २०११ मध्ये ९३८ स्त्रिया असे होते. बदल फक्त तीनाचा. फोटो थोडा धूसर असेल आणि स्त्रियांच्या स्तंभाचे टोक तीन पिक्सेलने चुकले, तर सव्वासहा हजारांचा फरक पडतो आणि गुणोत्तर तीनानेच हलते. म्हणजे दहा वर्षांत गुणोत्तर सुधारले की नाही, याचे उत्तर अशा फोटोतून मिळत नाही, जरी प्रत्येक स्तंभ स्वतंत्रपणे चांगला वाचलेला असला तरी.

स्तंभालेखात सगळ्यात मोठी फसगत अक्षाच्या सुरुवातीला होते. जागा वाचवायला अक्ष १५ लाखांपासून सुरू केलेला असतो आणि तो आकडा फोटोत बोटाच्या सावलीखाली जातो. वाचणाऱ्याने तळ शून्य धरून नुसत्या स्तंभांच्या उंचींची तुलना केली, तर २०११ चे गुणोत्तर ९३८ ऐवजी ८१० निघते. म्हणून तळाची रेषा कधीच गृहीत धरू नये. आकडे छापलेल्या दोन रेषा शोधाव्यात आणि त्यांवरून मोजावे. उजनीच्या पाणीसाठ्याचे आलेख वाचताना तर हे फारच लागते. धरणाचा मृतसाठा ६३.६६ टीएमसी आणि उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी आहे, आणि टक्केवारी उपयुक्त साठ्यावर काढतात. त्यामुळे उन्हाळ्यात ती उणे होते आणि स्तंभ शून्याच्या रेषेखाली लोंबतो. उणे ५० टक्क्यांचा स्तंभ म्हणजे धरणात अजून जवळपास ३७ टीएमसी पाणी आहे. तळापासून उंची मोजणाऱ्याच्या तक्त्यात ना ते चिन्ह येते ना ते पाणी.

पुस्तकाचे पान शिवणीकडे वाकलेले असते, तेव्हा आडव्या रेषांमधली अंतरे सारखी राहत नाहीत. खालच्या तीन अंतरांत २४० पिक्सेल आणि सर्वांत वरच्यात २१९ असे दिसले, की सबंध अक्षाला एकच माप लावणे सोडावे आणि स्तंभाचे टोक ज्या दोन रेषांमध्ये आहे तेवढ्याच दोन रेषांवरून मोजावे. आडव्या रेषांची ही अंतरे मोजायला दोन मिनिटे लागतात, आणि फोटो कितपत भरवशाचा आहे ते त्यातून कळते.

इथवरच्या चुका हजारांच्या होत्या. रंगसूचीची चूक लाखांची असते, आणि तिच्यावर लोक सगळ्यात कमी वेळ देतात. एक्सेलच्या रंगसंचात मूळ रंग सहा आहेत. सातव्या नावापासून त्याच रंगांच्या दुसऱ्या छटा सुरू होतात. आपल्या अकरा तालुक्यांत पहिला करमाळा आणि सातवा माळशिरस एकाच रंगाच्या दोन छटांत येतात. दुसरा माढा आणि आठवा सांगोला तसेच. फोटोत पानाच्या एका बाजूला ट्यूबलाइटचा उजेड आणि दुसरीकडे हाताची सावली असेल, तर फिकट छटा गडद दिसू लागते. करमाळा-माळशिरस यांची नावे उलटली तर अडीच लाख आणि पावणेपाच-पाच लाख यांची अदलाबदल होते. कोनांची बेरीज तरीही ३६०, टक्क्यांची १००. माढा-सांगोला उलटले तर आकड्यांवरून कधीच कळणार नाही.

रंग जुळवायचे तर डोळ्यावर सोडू नये. चौकोनाच्या मधोमध रंगाचे वाचन घ्यावे. कडेचे घेऊ नये, कारण फोटोची फाइल लहान करताना कडांचे रंग एकमेकांत मिसळतात. मग त्या चौकोनाच्या शेजारच्या कोऱ्या कागदाचेही वाचन घ्यावे आणि भागाकार करावा. सूचीतल्या चौकोनाचे लाल रंगाचे वाचन ९२ आणि शेजारच्या कागदाचे २३० असेल, तर गुणोत्तर ०.४० येते. सावलीतल्या पाकळीचे वाचन ६८ आणि तिथल्या कागदाचे १७० असेल, तर तेही ०.४०. दोन्ही वाचने वेगळी असली तरी रंग एकच आहे. हिरव्या आणि निळ्या वाचनांचाही असाच ताळा घ्यावा.

रंगाला क्रमाची जोड द्यावी. वृत्तालेखात बारापासून घड्याळाच्या दिशेने येणाऱ्या पाकळ्या बहुधा सूचीच्याच क्रमाने असतात, आणि जोडस्तंभात प्रत्येक गटातले स्तंभ डावीकडून उजवीकडे त्याच क्रमाने. रंग एक नाव सांगतो आणि क्रम दुसरे, असे झाले की थांबून दोन्ही पुन्हा पाहावे. क्रमातही एक खड्डा आहे. एखाद्या गटात एका मालिकेचे मूल्य शून्य असेल, तर तिथे स्तंभ दिसतच नाही. मोजणारा पुढच्या स्तंभाला तिचे नाव देतो आणि तिथून पुढची सगळी नावे एकेक घर सरकतात. म्हणून गटातली रिकामी जागाही मोजावी. एकावर एक रचलेल्या विभाजित स्तंभांत सूची अनेकदा खालून वर वाचावी लागते, हेही तपासून घ्यावे. शेवटी, आपल्याला बाहेरून पक्के ठाऊक असलेले एक नाव खुंटीसारखे वापरावे. उत्तर सोलापूर तालुक्यात सोलापूर शहर येते, त्यामुळे त्याची पाकळी सर्वांत मोठीच असायला हवी. तक्त्यात तसे नसेल तर बाकी काही तपासण्याआधी नावे तपासावीत.

हे सगळे काम संगणकाने आपोआप करावे, असे प्रयत्न बरेच झाले आहेत. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सादर केलेल्या ‘रिव्हिजन’ या प्रणालीने, ज्यांतले स्तंभ आणि पाकळ्या तिला नीट ओळखता आल्या त्या आलेखांपुरते पाहिले, तर स्तंभालेखांपैकी ७१ टक्के आणि वृत्तालेखांपैकी ६४ टक्के आलेखांतून मूल्ये नीट काढली होती, आणि ती चित्रे होती संगणकावरची, भिंतीवरून घेतलेले फोटो नव्हते. आता तर चित्र दिले की थेट तक्ता लिहून देणाऱ्या प्रणाली आल्या आहेत. त्यांचा तक्ता दिसायला नीटनेटका असतो, पण कोणता आकडा छापील होता, कोणता मोजला आणि कोणता जुळवला, हे त्यात दिसत नाही. छापील देवनागरी अंकांचाही प्रश्न आहे. धूसर फोटोत १ आणि ९ सहज एकमेकांच्या जागी वाचले जातात, आणि अक्षावरचा एक अंक चुकला की त्या पट्टीवरचे सगळेच स्तंभ चुकतात.

म्हणून तक्ता कोणत्याही वाटेने झाला तरी त्याची मांडणी अशी असावी, की प्रत्येक ओळ आपला उगम सांगेल. सूचीतले नाव जसे छापले तसे एका रकान्यात, आणि प्रमाण नाव दुसऱ्यात, कारण एका आलेखात ‘उ. सोलापूर’ असते आणि दुसऱ्यात ‘सोलापूर उत्तर’. एकक वेगळ्या रकान्यात, कारण ‘हजारात’ किंवा ‘लाखात’ हे शब्द पानाच्या कोपऱ्यात असतात आणि फोटोतून सुटतात. शिवाय वर्ष, मूल्य, आकडा छापील की मोजलेला, आणि चुकीची मर्यादा. आपल्या जोडस्तंभालेखात दोन पिक्सेलपर्यंतची चूक धरली, तर तो असा दिसेल:

```
वर्ष,छापील नाव,प्रमाण नाव,मूल्य,एकक,उगम,मर्यादा
2001,पु.,पुरुष,19.90,लाख,मोजलेला,0.04
2001,स्त्री.,स्त्री,18.60,लाख,मोजलेला,0.04
2011,पु.,पुरुष,22.27,लाख,मोजलेला,0.04
2011,स्त्री.,स्त्री,20.90,लाख,मोजलेला,0.04
```

२२,२७,०८३ हा सात अंकी आकडा इथे मुद्दाम लिहिलेला नाही. शेवटचे तीन अंक सूत्रातून आले आहेत, फोटोतून आलेले नाहीत, आणि ते लिहिले तर पुढचा वाचक त्यांना जनगणनेचे अंक समजेल.

तक्ता पुरा झाल्यावर त्याच्यावरून तोच आलेख पुन्हा काढावा, त्याच क्रमाने आणि त्याच रंगांनी, आणि सरळ केलेल्या फोटोवर अर्धपारदर्शक करून ठेवावा. पाकळीची कड सरकलेली असेल तर मोजणी चुकली आहे. कडा जुळल्या पण रंग जुळला नाही, तर नाव चुकले आहे. या एका ताळ्यात दोन्ही चुका वेगवेगळ्या दिसतात. बेरजेच्या ताळ्यात त्यांपैकी एकही दिसत नाही.